तक्ता हरवलेले टायट्रेशन : ब्युरेटची रीडिंगे नसताना हिशेब कुठपर्यंत नेता येतो?

आमच्या सोसायटीतली अकरावी सायन्सची एक मुलगी परवा संध्याकाळी वही घेऊन आली. वहीत टायट्रेशनचे, म्हणजे एका द्रावणात दुसरे थेंबाथेंबाने घालून त्याची तीव्रता काढण्याचे, एक उदाहरण नीट उतरवलेले होते, पण मध्येच चार बोटे कोरी जागा सोडून तिथे पेन्सिलीने ‘तक्ता फोटोत’ एवढेच लिहिलेले होते. फोनमधली जागा संपली म्हणून तिने फोटो एकगठ्ठा काढून टाकले आणि त्यांत ब्युरेटच्या, म्हणजे द्रावण थेंबाथेंबाने सोडणाऱ्या खुणांच्या नळीच्या, रीडिंगांचा तक्ताही गेला. “काकू, आता हे सोडूनच देऊ ना? तक्ताच नाही तर गणित कसे होणार?” असे तिने विचारले. पुण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी बरीच वर्षे रसायनशास्त्राची प्रात्यक्षिके घेतली आहेत, आणि तक्ता समोर असूनही गणित चुकवणारी मुले मी इतकी पाहिली आहेत, की तक्ता नसताना काय काय समजते हे पाहणे मला जास्त उपयोगाचे वाटले. आम्ही दोघी तासभर त्या कोऱ्या जागेभोवती बसलो, आणि तो हिशेब मी इथे मांडत आहे.

उदाहरण असे होते. एका विद्यार्थ्याने सोडियम हायड्रॉक्साइडच्या ४.० ग्रॅम गोळ्या तोलून पाण्यात विरघळवल्या आणि द्रावण एक लिटर केले. स्फटिकरूप ऑक्झॅलिक आम्ल १.५७५ ग्रॅम तोलून त्याचे २५० मिलिलिटर प्रमाण द्रावण केले. या आम्लाचे १० मिलिलिटर पिपेटने शंकुपात्रात घेऊन, फिनॉल्फ्थॅलीन हा दर्शक घालून, ब्युरेटमधल्या सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेशन केले. पायलट रीडिंग, म्हणजे अंदाजासाठीचे पहिले कच्चे रीडिंग, घेतल्यावर ब्युरेट पुन्हा शून्याच्या खुणेपर्यंत भरली आणि त्यानंतरची सर्व रीडिंगे मध्ये न भरता सलग घेतली. शेवटी ब्युरेट ३१.० दाखवत होती. पुढे त्याच सोडियम हायड्रॉक्साइडने, दहापट विरल केलेल्या घरगुती व्हिनेगरच्या १० मिलिलिटरचे टायट्रेशन केले, तेव्हा ७.५ मिलिलिटर लागले. सोडियम हायड्रॉक्साइडची मोलॅरिटी, म्हणजे एका लिटरमध्ये किती मोल आहेत ते, काढायची होती, आणि व्हिनेगरच्या एका लिटरमध्ये किती ग्रॅम अ‍ॅसेटिक आम्ल आहे तेही.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. टायट्रेशनच्या तक्त्यात रकाने कितीही असले, तरी पुढच्या गणितात त्यातला एकच आकडा जातो. पायलट रीडिंग, सुरुवातीचे रीडिंग, शेवटचे रीडिंग आणि त्यांतली वजाबाकी हे सारे त्या एका आकड्यापर्यंत पोहोचण्यासाठी असते. जर्नलमध्ये त्याला सी.बी.आर. म्हणतात, म्हणजे स्थिर ब्युरेट रीडिंग : निदान दोन वेळा तंतोतंत तेवढेच आलेले घनफळ. बाकीची माहिती उदाहरणाच्या मजकुरातच असते. तेव्हा त्या आकड्याला V असे नाव देऊन पुढे जायला काहीच हरकत नाही.

नट, बोल्ट आणि मोल

मोल म्हणजे काय हे तिला व्याख्येने पाठ होते. २० मे २०१९ पासून मोल ही संख्या काटेकोर ठरवलेली आहे, ६.०२२१४०७६ × १०^२३ कण म्हणजे एक मोल. पण या भल्या मोठ्या संख्येचा टायट्रेशनशी संबंध काय, हे तिला सांगता येईना. मी तिला रविवार पेठेतल्या बोहरी आळीत हार्डवेअरच्या दुकानात नेले, अर्थात मनातल्या मनात. तिथे बारीक नट-बोल्ट कोणी मोजून देत बसत नाही, तराजूत टाकून देतात. एका बोल्टचे वजन माहीत असेल, तर एकूण वजनाला त्याने भागले की नग कळतात. अणू-रेणूंच्या बाबतीत मोजण्याचा दुसरा रस्ताच नाही, म्हणून आपण पदार्थ तोलतो आणि त्याच्या मोलार वस्तुमानाने, म्हणजे एका मोलच्या ग्रॅममधल्या वजनाने, भागतो. आलेली संख्या नगांची, फक्त ती डझनांत नसून मोलांत.

ही उपमा आणखी एका कारणासाठी बरी. काही ठिकाणी एका बोल्टला दोन नट लावतात, एक घट्ट करणारा आणि दुसरा तो सैल होऊ नये म्हणून. समोर एक किलो बोल्ट असतील तर त्यांना किती किलो नट लागतील, हा प्रश्न वजनावरून थेट सुटत नाही. आधी बोल्टांची संख्या काढायची, ती दुप्पट करायची आणि मग नटांच्या वजनाकडे वळायचे. ऑक्झॅलिक आम्लाच्या एका रेणूत देता येण्याजोगे दोन हायड्रोजन आहेत, म्हणून तो ‘बोल्ट’ सोडियम हायड्रॉक्साइडचे दोन ‘नट’ घेतो :

H₂C₂O₄ + 2NaOH → Na₂C₂O₄ + 2H₂O

आता आपल्या उदाहरणातले आकडे घेऊ. स्फटिकरूप ऑक्झॅलिक आम्लाच्या प्रत्येक रेणूबरोबर स्फटिकात पाण्याचे दोन रेणू अडकलेले असतात, H₂C₂O₄·2H₂O, आणि तराजू तेही तोलतो. म्हणून मोलार वस्तुमान ९० न धरता १२६ धरायचे. १.५७५ भागिले १२६ म्हणजे ०.०१२५ मोल. हे २५० मिलिलिटरमध्ये, म्हणजे पाव लिटरमध्ये आहेत, तेव्हा द्रावण ०.०५ मोलर झाले. पिपेटने त्यातले १० मिलिलिटर घेतले, म्हणजे शंकुपात्रात आम्लाचे ०.०००५ मोल आले. हे शून्यांचे शेपूट डोळ्यांना फसवते, त्यामुळे मी नेहमी मिलिमोलमध्ये हिशेब करायला सांगते : मिलिलिटर गुणिले मोलॅरिटी म्हणजे मिलिमोल. १० × ०.०५ = ०.५ मिलिमोल आम्ल. त्याला दुप्पट, म्हणजे १.०० मिलिमोल सोडियम हायड्रॉक्साइड लागणार.

म्हणजे टायट्रेशन सुरू होण्यापूर्वीच हे ठरलेले असते, की रंग बदलेल तेव्हा शंकुपात्रात सोडियम हायड्रॉक्साइडचा १.०० मिलिमोल पडलेला असेल. तो किती मिलिलिटरमध्ये मावला होता एवढे सांगणे हे ब्युरेटचे काम. द्रावण तीव्र असेल तर थोड्या मिलिलिटरमध्ये, विरल असेल तर जास्त. त्यामुळे

सोडियम हायड्रॉक्साइडची मोलॅरिटी = १.०० ÷ V

आणि इथे V मिलिलिटरमध्ये. तक्ता असता तर फक्त शेवटची भागाकाराची ओळ वाढली असती. परीक्षेत किंवा गृहपाठात असा प्रसंग आलाच, तर इथपर्यंतचा हिशेब पूर्ण लिहावा आणि V जागेवर ठेवावा, कारण यातले सर्व रसायनशास्त्र या ओळीच्या वरच संपलेले आहे.

शेवटच्या ३१.० मध्ये काय दडले आहे

तक्ता गेला असला तरी उदाहरणाच्या मजकुरात त्याची एक खूण राहिली होती, ‘शेवटी ब्युरेट ३१.० दाखवत होती’. मुलीने पटकन V च्या जागी ३१.० घातले आणि मोलॅरिटी ०.०३२ काढली. ही चूक तक्ता समोर असतानाही होते, कारण ‘शेवटचे रीडिंग’ आणि ‘लागलेले घनफळ’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे घाईत विसरले जाते. ब्युरेट दर वेळी शून्यावर आणली, तर शेवटचे रीडिंग हेच घनफळ असते. पण सलग रीडिंगे घेतली, तर पहिल्याचा शेवट ही दुसऱ्याची सुरुवात होते, आणि ३१.० हा सर्व वेळांचा एकत्रित आकडा ठरतो.

मग टायट्रेशन किती वेळा केले असेल? आमच्याकडे तीन वेळा करण्याची पद्धत आहे, पण पद्धत म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा उदाहरणातच होता आणि तोही तोलण्याचाच होता. विद्यार्थ्याने सोडियम हायड्रॉक्साइड ४.० ग्रॅम तोलले होते. त्याचे मोलार वस्तुमान ४०, म्हणजे एका लिटरमध्ये जास्तीत जास्त ०.१ मोल असू शकतात. जास्तीत जास्त असे म्हणण्याचे कारण या गोळ्यांचा स्वभाव. बाटलीचे झाकण उघडताच त्या हवेतली वाफ ओढू लागतात आणि पावसाळ्यात तर तोलता तोलता त्यांच्यावर ओलसर चकाकी येते. शिवाय हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्यांच्यावर कार्बोनेटचा थर बसतो. त्यामुळे तराजूने दाखवलेल्या ४.० ग्रॅममध्ये खरे सोडियम हायड्रॉक्साइड थोडे कमीच असते, जास्त कधीच नसते. याच कारणामुळे त्याचे प्रमाण द्रावण थेट तोलून करत नाहीत आणि आधी ऑक्झॅलिक आम्लासारख्या भरवशाच्या पदार्थाशी टायट्रेशन करून त्याची मोलॅरिटी ठरवावी लागते.

आता ३१.० ला वेगवेगळ्या संख्यांनी भागून पाहू. टायट्रेशन चार वेळा केले असेल, तर दर वेळी सरासरी ७.७५ मिलिलिटर लागले, मोलॅरिटी ०.१२९ झाली आणि एका लिटरमध्ये ५.१६ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड निघाले. तोलले चार ग्रॅम आणि सापडले पाच, हे शक्य नाही. दोनच वेळा केले असेल, तर सरासरी १५.५, मोलॅरिटी ०.०६४५ आणि लिटरमध्ये २.५८ ग्रॅम. म्हणजे चार ग्रॅममधला जवळपास दीड ग्रॅम ओलावा आणि कचरा. गोळ्या विरघळून बाटलीत लगदा झाला असेल तर असे होऊ शकते, पण मग तो विद्यार्थी त्यांना गोळ्या म्हणाला नसता. तीन वेळा केले असेल, तर सरासरी १०.३३, मोलॅरिटी ०.०९६८ आणि लिटरमध्ये ३.८७ ग्रॅम. चार ग्रॅमपेक्षा थोडे कमी, जसे असायला हवे तसेच. टायट्रेशन तीन वेळा केले होते.

याच तोलण्याच्या मर्यादेने आणखी दोन चुका पकडता येतात, आणि त्या तक्ता असतानाही वारंवार होतात, म्हणून थोडे आडवळण घेते. स्फटिकातले पाणी विसरून कोणी मोलार वस्तुमान ९० धरले, तर ऑक्झॅलिक आम्ल ०.०७ मोलर निघते, लागणारे सोडियम हायड्रॉक्साइड १.४ मिलिमोल होते आणि १०.३ ने भागल्यावर मोलॅरिटी ०.१३६ येते. हे पुन्हा तोललेल्या वजनापेक्षा जास्त, म्हणजे अशक्य. उलट, समीकरणातला २ विसरून M₁V₁ = M₂V₂ हे सूत्र तसेच लावले, तर उत्तर निम्मे होते, ०.०४८५, आणि निम्म्या गोळ्या कुठे गेल्या याचे उत्तर देता येत नाही. जुन्या जर्नलमध्ये हेच गणित नॉर्मॅलिटीने, N₁V₁ = N₂V₂ असे केलेले दिसते आणि ते बरोबर येते, कारण ०.०५ मोलर ऑक्झॅलिक आम्लाला ०.१ नॉर्मल म्हणताना तो २ आधीच पोटात घातलेला असतो. मोलॅरिटीचे आकडे नॉर्मॅलिटीच्या सूत्रात घातले की गडबड होते. माझ्या अनुभवात वर्गातली निम्मी चुकलेली उत्तरे या एकाच जागी चुकलेली असतात.

सरासरी मिळाली, पण सी.बी.आर. नाही

तीन वेळा टायट्रेशन झाले आणि एकूण ३१.० मिलिलिटर लागले, हे कळल्यावर मुलगी खूश झाली. तिच्या मते १०.३३ हेच उत्तर. यात एक गंमत आहे, आणि ती मलाही फळ्यावर मांडल्याशिवाय मुलांना पटवता आलेली नाही. सलग रीडिंगांत मधली दोन्ही रीडिंगे काहीही असोत, तिन्ही वजाबाक्यांची बेरीज ३१.० च येणार, कारण प्रत्येक मधला आकडा एकदा शेवट म्हणून मिळवला जातो आणि एकदा सुरुवात म्हणून वजा होतो. त्यामुळे मधली रीडिंगे हरवली तरी सरासरीला धक्का लागत नाही. उलट मधली रीडिंगे वाचताना झालेली डोळ्यांची चूकही तीत उरत नाही.

पण टायट्रेशनमध्ये आपल्याला सरासरी नको असते. आपल्याला हवे असते एकमेकांशी जुळणारे घनफळ, आणि ते जुळले की नाही हे सांगण्याचे काम फक्त मधली रीडिंगे करतात. पुढच्या तीन शक्यता पाहा. तिन्ही वेळांची घनफळे १०.३, १०.४, १०.३ असू शकतात. १०.०, १०.०, ११.० असू शकतात. १०.२, १०.६, १०.२ असू शकतात. तिन्हींची बेरीज ३१.० आणि तिन्हींची सरासरी १०.३३. पण सी.बी.आर. पहिल्यात १०.३, दुसऱ्यात १०.० आणि तिसऱ्यात १०.२. हरवलेल्या फोटोबरोबर नेमके काय गेले, तर कोणते रीडिंग टाकून द्यायचे याची माहिती गेली.

तरीही इथे हात टेकायची गरज नाही, कारण चुकलेले रीडिंग बहुधा कोणत्या बाजूला चुकते हे प्रयोगशाळेत उभे राहिलेल्याला माहीत असते. सोडियम हायड्रॉक्साइड ब्युरेटमध्ये आणि आम्ल शंकुपात्रात असताना फिनॉल्फ्थॅलीन शेवटपर्यंत रंगहीन राहते आणि अंतिम बिंदूला एका थेंबात फिकट गुलाबी होते. तो थेंब निसटला की पुढचे पाच-दहा थेंब पडेपर्यंत हात थांबत नाही आणि शंकुपात्र गडद राणी रंगाचे होते. असे रीडिंग खऱ्यापेक्षा जास्तच येते. ब्युरेटच्या टोकात हवेचा बुडबुडा राहिला असेल आणि टायट्रेशन चालू असताना तो सुटला, तर ब्युरेटची पातळी खाली जाते पण तेवढे द्रावण शंकुपात्रात पडत नाही, म्हणजे रीडिंग पुन्हा जास्तच. तोटी गळत असेल तरी जास्तच. गुलाबी छटा आली म्हणून थांबावे आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे ती मिनिटाभरात फिकी झाली म्हणून घाबरून आणखी दोन थेंब घालावेत, हा प्रकारही मी पुष्कळदा पाहिला आहे. तोही जास्तीकडेच नेतो. छटा अर्धा मिनिट टिकली की पुरे असते.

तेव्हा असे धरू, की तिघांपैकी दोन घनफळे जुळली होती आणि तिसरे एक तर तेवढेच होते किंवा त्याहून जास्त. जुळणारे घनफळ x असेल तर तिसरे ३१.० – २x झाले. ते x पेक्षा कमी नसावे, म्हणून x जास्तीत जास्त १०.३. दुसरीकडे तोललेल्या गोळ्यांची मर्यादा आहे. मोलॅरिटी ०.१०० च्या वर जाऊ शकत नाही, म्हणून x किमान १०.०. म्हणजे तक्ता न पाहता आपण एवढे म्हणू शकतो, की सी.बी.आर. १०.० ते १०.३ मिलिलिटर यांच्या दरम्यान आहे आणि मोलॅरिटी ०.१०० ते ०.०९७ यांच्या दरम्यान.

या कोंडीलाही एक फट आहे आणि ती झाकून ठेवणे योग्य नाही. पिपेट भरताना टोक द्रावणाच्या वर आले आणि हवा शिरली, तर शंकुपात्रात १० मिलिलिटरपेक्षा कमी आम्ल येते आणि त्या वेळचे रीडिंग कमी पडते. घनफळे १०.५, १०.५, १०.० अशी असतील तर बेरीज तीच, पण सी.बी.आर. १०.५ आणि मोलॅरिटी ०.०९५. असे क्वचित होते, पण होते. म्हणून वरचा अंदाज ‘बहुधा’ या शब्दासह लिहावा.

या टप्प्यावर दोन मोह होतात. पहिला मोह रीडिंगे तयार करण्याचा : १०.३, १०.३, १०.४ अशी देखणी घनफळे बसवून कोऱ्या जागेत तक्ता आखून टाकायचा. प्रात्यक्षिकाच्या वेळी जर्नल तपासताना असे तक्ते लगेच ओळखू येतात, कारण ते फारच गुळगुळीत असतात, आणि कधी कधी घाईत वजाबाकीकडून रीडिंगांकडे उलटे जाताना सलग रीडिंगांतला दुवा तुटतो, म्हणजे एकाचा शेवट २०.७ आणि पुढच्याची सुरुवात २०.६ होते. दुसरा मोह उत्तरसूचीतून मागे येण्याचा. समजा, पुस्तकाच्या शेवटी मोलॅरिटी ०.०९७ छापली असती, तर १.०० भागिले ०.०९७ करून १०.३ मिळवता आले असते. त्याने उदाहरण रचणाऱ्याने कोणता सी.बी.आर. धरला होता ते कळते, आणि तेवढ्यापुरते ते उपयोगाचेही आहे. पण तो आकडा घेऊन पुन्हा मोलॅरिटी काढली आणि ‘उत्तर जुळले’ म्हटले, तर ती स्वतःचीच सावली मोजण्यासारखे झाले. उलट छापलेले उत्तर ०.१३६ असेल, तर आपला हिशेब बदलण्याआधी शंका घ्यावी, की रचणारा स्फटिकातले पाणी विसरला आहे.

व्हिनेगरचा भाग

दुसऱ्या प्रश्नात मुलीला वाटले, की आधी सोडियम हायड्रॉक्साइडची मोलॅरिटी पक्की झाल्याशिवाय काहीच करता येणार नाही. इथेही V तसाच पुढे न्यायचा. अ‍ॅसेटिक आम्लाचा एक रेणू एकच हायड्रोजन देतो, म्हणून इथे एका बोल्टला एकच नट. ७.५ मिलिलिटर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ७.५ × (१.०० ÷ V) मिलिमोल होते, आणि तेवढेच मिलिमोल आम्ल विरल व्हिनेगरच्या १० मिलिलिटरमध्ये होते. दहाने भागून त्याची मोलॅरिटी, मग दहापट विरल केले होते म्हणून दहाने गुणून मूळ व्हिनेगरची. दोन्ही दहा एकमेकांना खाऊन टाकतात आणि मूळ व्हिनेगरची मोलॅरिटी ७.५ ÷ V उरते. अ‍ॅसेटिक आम्लाचे मोलार वस्तुमान ६०, तेव्हा

एका लिटरमधले ग्रॅम = ४५० ÷ V

या ओळीत सोडियम हायड्रॉक्साइडची मोलॅरिटी कुठेच नाही. सोडियम हायड्रॉक्साइड इथे मधला दलाल आहे. त्याने एकदा ऑक्झॅलिक आम्ल मोजले, एकदा व्हिनेगर मोजले, आणि खरी तुलना त्या दोघांची झाली. त्याच्या गोळ्या किती ओल्या होत्या याने व्हिनेगरच्या उत्तरात फरक पडत नाही, मात्र दोन्ही टायट्रेशनच्या वेळी द्रावण तेच असले पाहिजे.

V १०.० असेल तर ४५.० ग्रॅम, १०.३ असेल तर ४३.७ ग्रॅम. म्हणजे तक्ता नसतानाही व्हिनेगर साडेचार टक्क्यांच्या आसपासचे आहे हे कळले, आणि शंका उरली ती लिटरमागे सव्वा ग्रॅमची. घरच्या व्हिनेगरच्या बाटलीवर साधारण चार-पाच टक्के लिहिलेले असते, त्याच्याशी हे जुळते. मगाशी नाकारलेला दोन वेळांचा पर्याय, म्हणजे V = १५.५, इथे घातला असता तर व्हिनेगर तीन टक्क्यांच्याही खाली गेले असते. तोही पर्याय चुकीचा असल्याची ही दुसरी साक्ष.

वहीत आम्ही कोरी जागा तशीच ठेवली. तिच्याखाली तिने लिहिले : ‘मोलॅरिटी = १.०० ÷ V, एकूण ३१.० वरून टायट्रेशन तीन वेळा. V बहुधा १०.० ते १०.३, व्हिनेगरमध्ये लिटरला ४३.७ ते ४५.० ग्रॅम.’

दोन दिवसांनी तिच्या वर्गातल्या एकीकडे मूळ कागदाची झेरॉक्स निघाली. तक्ता असा होता : पायलट रीडिंग १० आणि ११ यांच्या दरम्यान. पुढे ०.० ते १०.६, १०.६ ते २०.८, २०.८ ते ३१.०. वजाबाक्या १०.६, १०.२, १०.२. पहिल्या वेळी थेंब निसटलेले दिसतात, किंवा टोकातला बुडबुडा तेव्हा सुटला असेल. सी.बी.आर. १०.२. मोलॅरिटी ०.०९८०, व्हिनेगरमध्ये लिटरला ४४.१ ग्रॅम. सरासरी १०.३३ घेऊन बसलो असतो, तर मोलॅरिटी ०.०९६८ लिहिली असती.

तिने मग स्वतःहून आणखी एक गुणाकार केला, ०.०९८० × ४० = ३.९२, आणि वहीच्या कडेला लिहिले : ‘४.० ग्रॅम गोळ्यांत ०.०८ ग्रॅम ओलावा वगैरे.’

“वगैरे म्हणजे काय?” मी विचारले.

“कार्बोनेट, काकू. पण ते किती आणि पाणी किती, हे या तक्त्यावरून नाही कळत.”